कागदावर नोकरी नसलेली बाई

तपासणीच्या दिवशी तिला सामानाच्या खोलीत बसवत. खोली कसली, जिन्याखालची बोळकंडीच. एका बाजूला रक्ताच्या रिकाम्या बाटल्यांची खोकी, दुसऱ्या बाजूला कापसाची पोती, मधे एक प्लॅस्टिकचं स्टूल. लॅबचा दर्जा तपासणारी माणसं वर्षातून एकदा येत, यंत्रं बघत, वह्या चाळत आणि इथे काम कोण करतं ते विचारत. डॉक्टर तीन नावं सांगत. चौथं नाव स्टुलावर बसून खोक्यांवरच्या तारखा वाचत असे. तपासणी लांबली तर दोन तास, चहापाणी झालं तर तीन.

त्या वर्षी माणसं जेवायलाही थांबली. ती बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती आणि डॉक्टर खुशीत होते. एकही शेरा नाही म्हणाले. वह्यांचं फार कौतुक झालं, अक्षर किती स्वच्छ आहे म्हणाले. त्या वह्या तिने लिहिलेल्या होत्या.

पेशंट तिला हलक्या हाताची ताई म्हणत. औषधाच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये ती नऊ वर्षं रक्त काढत होती. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी आलेली रांग उभी असायची. लठ्ठ हात, सुकलेले हात, रडणारी पोरं, शीर न सापडणारे म्हातारे, सगळे तिच्या खुर्चीसमोर. बाकीच्या दोघांकडे पाठवलं तर लोक म्हणत, थांबतो आम्ही. तिच्याकडे या कामाची पदविका होती, चांगल्या गुणांची. तरी हजेरीच्या वहीत तिचं नाव नव्हतं आणि तिला नेमणुकीचं पत्र कधी मिळालं नव्हतं. महिन्याच्या पाच तारखेला डॉक्टर तिला पाकीट देत. त्यात पदविका नसलेल्या माणसाच्या पगाराहूनही कमी असे.

हे असं का, याचं उत्तर तिला पाठ होतं. पेन्शन जाईल म्हणून.

नवरा सरकारी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. लग्नाला तीन वर्षं झाली आणि एका पहाटे पंपघरातच त्याची छाती दुखली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मूलबाळ नव्हतं. तिला सत्ताविसावं लागलं होतं. तेराव्या की चौदाव्या दिवशी धाकट्या दिराने समजावलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त प्रत्येक गोष्ट त्याला आधीच माहीत असायची. वहिनी, आता दोन गोष्टी लक्षात ठेव, तो म्हणाला होता. नोकरीचा कागद झाला की पेन्शन बंद. दुसरं लग्न केलंस की पेन्शन बंद. आमच्या चुलत काकूचं असंच झालं, शाळेत लागली आणि निम्मे पैसे गेले. तिने ऐकलं. त्या दिवसांत कुणी भिंत हिरवी आहे म्हटलं असतं तरी तिने मान डोलावली असती.

पुढे पेन्शनच्या कचेरीतल्या फॉर्मने दिराचं म्हणणं पक्कं केलं. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरायचा. त्याखाली दोन छापील वाक्यं होती. मी पुनर्विवाह केलेला नाही. मी कोठेही नोकरी करत नाही. दोन्हीखाली सही. पहिली दोन वर्षं दोन्ही वाक्यं खरी होती. मग एकट्या पेन्शनवर भाडं, सासूचं औषध आणि पोट भागेना, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. पदविका दाखवली, आणि पेन्शनचीही अडचण सांगितली. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, आपण कागदावर काही नको करूया.

पुढे सासू वारली, भाडं वाढलं, पाकीट तसंच राहिलं. दर नोव्हेंबरात ती दुसऱ्या वाक्याखाली सही करी आणि घरी येऊन हात धुई. खोटं लिहिलं म्हणून चोरटं वाटे, आणि पकडलं गेलं तर नऊ वर्षांचं परत मागतील या भीतीने झोप उडे. रजा मागायची तर कुठल्या तोंडाने? पगार वाढवा म्हणायचं तर कुठल्या कागदावर? एकदा मोठ्या दवाखान्यात तंत्रज्ञाची जागा निघाली, ओळखीच्या नर्सने अर्जही आणून दिला. तिने तो चार घड्या करून कपाटात ठेवला आणि वय उलटून गेल्यावर काढून फाडला.

तपासणीनंतरच्या सोमवारी तिच्या खुर्चीसमोर एक बाई येऊन बसली. जाड चष्मा, पिशवीत डबा, हातात साखरेच्या तपासणीची चिठ्ठी. तिने पट्टा बांधला, कोपराची शीर चाचपली, सुई घातली, आणि वर बघितलं तेव्हा तिने ओळखलं. ही पेन्शन कचेरीतली मोठी बाई होती. नोव्हेंबरात खिडकी नंबर तीनमागे बसून फॉर्म घेणारी, तीस वर्षं तिथेच मुरलेली. लोक तिला मागून जुनी फाईल म्हणत.

बाईनेही ओळखलं. चष्म्यावरून बघत म्हणाली, "पंपघरवाल्याची बायको ना तू?"

तिचा हात हलला नाही. नऊ वर्षांत कधी हलला नव्हता. राखाडी टोपणाची बाटली भरली, तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला. हो म्हणाली. मग अगदी हळू, मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, की मी इथे नुसती मदतीला येते.

"मदतीला? रोज?" बाईने कापूस धरला. "आणि असलीस नोकरीला तर काय बिघडलं?"

तिने बाटलीवर नंबर लिहिला. बाई उठली, जेवल्यावर परत यायचं ना दुसऱ्या बाटलीला, असं विचारून निघून गेली. पुढच्या पेशंटने बाही वर केली होती. तिने काम चालू ठेवलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिने एका माणसाला दोनदा टोचलं.

दुपारी ती पेन्शन कचेरीत गेली. तिसऱ्या मजल्यावर लांब खोली, लोखंडी कपाटं, कपाटांवर फायलींचे गठ्ठे आणि पंख्याखाली फडफडणारी कॅलेंडरं. मोठी बाई डबा संपवून लाडवासारखे वळलेले रबरबँड एका वाटीत ठेवत होती. ती समोर उभी राहिली. सकाळपासून तिने मनात माफीची वाक्यं जुळवली होती. नाइलाज होता, सासू आजारी होती, हप्त्याहप्त्याने परत करीन. तेवढ्यात बाईने स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं की तुला नोकरी नको असं सांगितलं तरी कोणी.

तिने फॉर्म सांगितला. दुसरं वाक्य सांगितलं.

बाई हसली. हसणं वाईट नव्हतं, कंटाळ्याचं होतं. ते वाक्य मेलंय गं, ती म्हणाली. फार पूर्वी नियम होता. विधवा नोकरीला असली तर तिच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता रोखायचे. पेन्शन तेव्हाही बंद होत नसे, भत्ता तेवढा जायचा. पुढे तोही नियम उठला. आता विधवेने नोकरी केली, पगार घेतला, बढती घेतली, तरी नवऱ्याची पेन्शन आणि तिच्यावरचा भत्ता पूर्ण चालू. नवऱ्याच्या जागेवर लागलेल्या बायकासुद्धा दोन्ही घेतात. चालू आहे ते पुनर्विवाहाचं वाक्य. लग्न केलं की कळवावं लागतं.

"मग ते वाक्य फॉर्मवर का आहे?"

"जुने फॉर्म उरलेत. छापून आणले होते पाच हजार. संपले की नवीन येतील."

"मी नऊ वर्षं त्याखाली सही केली."

"सगळ्याच करतात."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

बाईने खांदे उडवले. "कोणी विचारलं नाही."

हे म्हणताना बाईचा स्वर जराही उद्धट नव्हता. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. ती बसून राहिली. समोरच्या कपाटाच्या खणात त्या फॉर्मांचा गठ्ठा दिसत होता, अजून वीतभर उंच. तिने तो आदेश बघायचा म्हणून सांगितलं. बाई कुरकुरली, आता कुठे शोधू, उद्या ये म्हणाली. ती म्हणाली की मी बसते. पाच वाजेपर्यंत बसली. शेवटी बाईने तीन फायली उपसल्या, धूळ झटकली, पिवळं पडलेलं एक पान काढलं आणि त्याची प्रत करून दिली. वर शिक्काही मारला. प्रत देताना बाई म्हणाली की या कपाटातला कागद मागून नेणारी तू पहिलीच.

पानावरची तारीख तिच्या लग्नाच्याही आधीची होती.

आधी ती दिराकडे गेली. तो जेवत होता. तिने कागद ताटाशेजारी ठेवला. त्याने वाचला, परत वाचला, आणि चुलत काकूचंच काहीतरी पुन्हा सांगू लागला. काकूचा भत्ता गेला होता, पेन्शन गेली नव्हती, हे तिने सांगितलं. निम्मे पैसे कमी झाले म्हणजे पेन्शनच गेली असं वाटलं आम्हाला, तो म्हणाला. मला तरी काय माहीत होतं, वहिनी? मी आपला चांगल्यासाठी म्हटलं. जावेने पाणी आणून दिलं. ते न पिता ती निघाली. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. ज्याला जे माहीत नसतं तेच तो छातीठोक सांगत असे, आणि हे तिला तेव्हाही माहीत होतं. तिने विश्वास ठेवला होता. त्या रात्री तिचा सगळा राग स्वतःवर निघाला, तो सकाळपर्यंत पुरला.

सकाळी तो राग पत्ता बदलून डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर वरच्या मजल्यावर राहत. त्यांची आई ऐंशीला आलेली, निवृत्त शिक्षिका. दर पंधरा दिवसांनी तिचं रक्त घ्यायला ती वर जात असे. त्या दिवशीही गेली. म्हातारी बोलकी. हात पुढे करून नेहमीसारखी जुन्या शाळेच्या गोष्टी सांगू लागली, इन्स्पेक्टर कसा यायचा, पगार कसा उशिरा व्हायचा. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. तिने बाटली भरता भरता विचारलं, डॉक्टरांचे वडील गेले तेव्हा तुम्ही शाळेत होतात का?

"हो तर," म्हातारी म्हणाली. "अजून बारा वर्षं होती नोकरी. त्यांची पेन्शन आणि माझा पगार, दोन्ही यायचं. आधी भत्ता धरून ठेवायचे मेले, मग तोही सुटला. ह्यानेच कचेरीत खेटे घालून सोडवून आणला होता. हा तेव्हा कॉलेजात होता. कागद घेऊन भांडला होता तिथे. नाही रे?"

डॉक्टरांनी पेपरचं पान उलटलं नाही. त्यांनी वाचणंही थांबवलं होतं.

तिने कापूस लावला, पट्टी चिकटवली, म्हातारीचा हात मांडीवर ठेवला. सामान गोळा करून ती खाली आली. अकरापर्यंतची रांग संपवली. मग हातमोजे काढले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला.

पुढचं बोलणं बाहेरच्या दोघा कामगारांनी ऐकलं, आणि त्यांच्याकडून औषधाच्या दुकानाने. डॉक्टर आधी म्हणाले की नियम बदलत असतात, इतकं लक्षात कोण ठेवतं. ती म्हणाली की तुम्ही ठेवलं होतं, आईसाठी. मग ते म्हणाले की ताई, तुम्हीच सांगितलंत कागद नको म्हणून. ती म्हणाली की मी अडचण सांगितली होती, कागद नको असं तुम्ही म्हणालात. शेवटी म्हणाले की तुम्हाला काम दिलं, कोणी देत नव्हतं तेव्हा दिलं. हे ऐकून तिचा आवाज पहिल्यांदा चढला.

"काम दिलंत? नऊ वर्षं माझ्या भीतीवर लॅब चालवलीत. ती भीती तुम्ही एका वाक्यात घालवू शकत होतात. मला पोत्यांमध्ये बसवलंत आणि बाहेर माझ्या अक्षराचं कौतुक ऐकलंत."

दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे हे खालपर्यंत ऐकू आलं.

तिला काय हवंय ते तिने कागदावर लिहून आणलं होतं. आजच्या तारखेचं नेमणुकीचं पत्र, पदविकेला साजेसा पगार, प्रॉव्हिडंट फंड, आणि पुढच्या तपासणीत चौथं नाव. मागची नऊ वर्षं? त्यांचं मी कामगार कचेरीत बघते, ती म्हणाली. वह्या माझ्या हातच्या आहेत, रोजच्या, तारखांसकट. त्यांची छायाचित्रं काढून ठेवलीत. डॉक्टरांनी विचार करायला आठवडा मागितला. तिने उद्या सकाळी साडेसहापर्यंतचा वेळ दिला. साडेसहाला रांग लागते आणि रांगेतल्या निम्म्या लोकांना तिचाच हात हवा असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पत्र टायपून तयार होतं.

गोष्ट इथे संपली असती तर ती बरी गोष्ट झाली असती. पण लॅबमध्ये एक मशीनवाला येत असे.

रक्त फिरवायचं यंत्र, सूक्ष्मदर्शक, फ्रिज, जे बिघडेल ते तो दुरुस्त करी. चाळिशी ओलांडलेला, बायको सोडून गेलेली, रीतसर घटस्फोट झालेला, बोलायला तिरकस. तिला मॅडम म्हणायचा, कारण बाकी कुणी म्हणत नाही म्हणे. दोन वर्षांपूर्वी यंत्राचं झाकण उघडून आत बघत असताना त्याने लग्नाचं विचारलं होतं, स्क्रू विचारावा तसं. तिने नाही सांगितलं होतं आणि पेन्शनचं कारण दिलं होतं. ते कारण खरं होतं. इतर कुठलं नव्हतं, हेही खरं होतं. त्याने झाकण लावलं आणि म्हणाला होता की सरकारशी स्पर्धा करायची माझी ऐपत नाही. त्यानंतरही तो येत राहिला, कधी कधी यंत्र नीट चालत असतानाही.

आता तिने ठरवलं की दिराने सांगितलेली दुसरी गोष्टही एकदा तपासून बघायची. ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. मोठी बाई तिला बघून म्हणाली, आता कुठला कागद?

पुनर्विवाहाचा नियम बाईने नीट समजावला. मुलं असलेल्या विधवेने लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना लागते, त्यांच्या वयाच्या अटीपर्यंत. पण तुला मूल नाही. मूल नसलेल्या विधवेला लग्नानंतरही पेन्शन चालू राहू शकते. ती दचकली. दीर इथेही अर्धाच बरोबर होता.

"राहू शकते म्हणजे?"

"अट आहे एक. तिचं स्वतःचं दुसरं उत्पन्न, सगळीकडचं मिळून, किमान कुटुंब पेन्शन आणि त्या पेन्शनवरचा भत्ता यांच्या बेरजेपेक्षा कमी हवं. तेवढं झालं किंवा वर गेलं की बंद. पगार किती तुझा?"

तिने नवा पगार सांगितला. बाईने चष्मा काढला आणि पुसला. फारच वर जातंय, म्हणाली.

म्हणजे नुसती नोकरी केली तर पेन्शन शाबूत. नुसतं लग्न केलं तरी तिच्यापुरती शाबूत. दोन्ही केलं की गेली. तिने हे दोनदा विचारून घेतलं. बाई दोन्ही वेळा हो म्हणाली. मग आवाज खाली आणून बाईने एक सल्ला दिला, तोही मायेनेच. लग्न करायचं तर कर, पण लगेच कळवू नकोस. नोव्हेंबरपर्यंत इथे कोणी विचारत नाही. आणि नोव्हेंबरात सही केलीस तरी तपासायला कोण बसलंय? उघडकीला आलं तर मात्र दिलेलं सगळं वसूल करतात, तेवढं ध्यानात ठेव.

ही बातमी लॅबमध्येही पोचली. डॉक्टर नेमणुकीच्या पत्राचा अपमान अजून गिळत होते. त्यांनी संधी सोडली नाही. सगळ्यांसमोर, अगदी सहानुभूतीने म्हणाले, "बघा ताई. कागदावर नसतात तर लग्नही झालं असतं आणि पेन्शनही राहिली असती. मी म्हणत होतो ना, तुमच्याच भल्यासाठी?"

तिच्या हातात त्या वेळी भरलेली बाटली होती. तिने ती हलकेच उलटसुलट केली, जांभळ्या टोपणाची बाटली तशी करावीच लागते, नाहीतर रक्त गोठतं. आठ वेळा. मग स्टँडमध्ये ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, माझं भलं करायचा तुमचा कोटा संपलाय."

पुढचा पेशंट खुर्चीत जरा सावरून बसला.

मशीनवाल्याने सगळं ऐकून घेतलं. कचेरीजवळच्या हॉटेलात चहा घेत होते दोघं. त्याने तोडगा काढला. तो माणूस तोडगे काढूनच पोट भरत असे. लग्न नको, असंच राहू एकत्र. नोंद नाही तर पुनर्विवाह नाही. तुझी पेन्शनही राहील, पगारही. जगाला काय दाखवायचंय आपल्याला?

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तरी तिचं डोकं फिरलं, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ते नेमक्या माणसावर फिरलं नाही हे तिलाही कळत होतं. तरी ती बोललीच. मला कुणी आलं की आत बसायचं नाहीये. लॅबमध्ये बसले तेवढं पुरे. तुझ्या घरी वीजबिलवाला आला की मी कोण? मदतीला आलेली बाई? शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघू लागला. मशीनवाल्याने कप खाली ठेवला. म्हणाला की मग पेन्शन जाईल.

जाईल, ती म्हणाली.

आणि तुला ती लागते.

लागते, ती म्हणाली. माझ्या नवऱ्याच्या कष्टाची आहे. सोडताना मला आनंद होणार नाही, तू तसं समजू नकोस. तुझ्यासाठी त्याग वगैरे करत नाहीये मी. मला चीड येते. पगार कमी असता तर राहिली असती, म्हणजे मी निम्म्या भाकरीवर लग्न करायचं, पूर्ण भाकरीवर नाही. हा कुठला हिशेब आहे?

त्याने चहाचे पैसे दिले, आणि नोंदणी कचेरी कुठे आहे ते मला माहीत आहे, एवढंच म्हणाला. मागे एकदा तिथलं झेरॉक्स मशीन दुरुस्त केलं होतं.

लग्न साध्या मंगळवारी नोंदवलं गेलं. दीर साक्षीदार म्हणून आला, आणि बाहेर पडताना मशीनवाल्याला घटस्फोटितांच्या कराबद्दल काहीतरी सांगू लागला. तिने त्याला तिथेच थांबवलं. आधी कागद दाखवा भावजी, मग बोला.

तिथून ती नवऱ्याला बाहेर थांबवून तिसऱ्या मजल्यावर चढली. अर्ज लिहूनच आणला होता. आजच्या तारखेस माझा पुनर्विवाह झाला आहे, माझे वेतन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, तरी माझी पेन्शन आजपासून थांबवावी. सोबत विवाहनोंदणीची आणि पगारपत्रकाची प्रत.

मोठ्या बाईने अर्ज वाचला आणि तो घेतला नाही. टेबलावरच राहू दिला. आजची तारीख कशाला घातलीस, म्हणाली. दोन महिने थांब. घर लावायला पैसे लागतील. इथे वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांच्या पेन्शनी चालू असतात आणि तू पहिल्या दिवशी पळत आलीस. वेडी आहेस का?

"बाई," ती म्हणाली, "नऊ वर्षं मी इथे खोटी सही केली, तिची काही गरज नव्हती. आता गरज पडली तर करणार नाही."

बाईने तिच्याकडे बघितलं. मग अर्ज ओढून घेतला, नोंदवहीत आवक क्रमांक टाकला आणि शिक्का शोधू लागली. शिक्का वाटीतल्या रबरबँडांखाली सापडला. शाई वाळली होती. दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला.

"पोच द्या," ती म्हणाली.

"देते की. पळून नाही जात मी."

"आणि तारीख नीट दिसू दे."

बाईने तारीख पेनने पुन्हा गिरवली, प्रत तिच्यापुढे सरकवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिने प्रत घडी न घालता पिशवीत ठेवली. जिन्यावरून ती रागारागाने उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून ती जराशी थांबली, मग खाली गेली. नवरा दाराशी उभा होता. झालं का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली. दोघंही चालू लागली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिने त्याचा हात इतका घट्ट धरला होता की त्याला तो दुसऱ्या हाताने सोडवून जरा चोळावा लागला.